घाण्याच्या तेलाचा भाव उतरवावा का? एका दुकानाच्या बिलांतून काढलेली मागणीची लवचिकता

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरात एक जोडपं लाकडी घाण्यावर तेल काढून विकतं. दोन घाणे आहेत. त्यांवर शेंगदाणा, करडई, तीळ आणि खोबरं चालतं, पण गल्ल्याचा मोठा भाग शेंगदाणा तेलाचा. विक्री दोन ठिकाणी होते. एक दुकान घाण्यालाच लागून आहे, दुसरं सात किलोमीटरवरच्या नव्या वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात. घाणा आणि खरेदी दादा बघतात. बिलं, बँक आणि हिशेब वहिनींकडे. मी लहान उत्पादकांना हिशेब आणि भाव ठरवण्याच्या कामात मदत करतो. त्यांनी मला जानेवारीत बोलावलं.

ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि लिटरचे आकडे सगळीकडे एकाच पटीत बदलले आहेत. भाव आणि टक्केवारी तशीच ठेवली आहे. सर्व भाव जीएसटी वगळून आहेत.

त्या वेळी शेंगदाणा तेलाचा भाव लिटरला ३२० रुपये होता. दोन्ही दुकानं मिळून आठवड्याला सरासरी २४० लिटर तेल जात होतं: घाण्यावर १५० आणि वसाहतीत ९०. आदल्या वर्षी हाच आकडा २६०च्या घरात होता. वसाहतीजवळच्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये घाण्याच्या तेलाच्या दोन नव्या बाटल्या दिसू लागल्या होत्या आणि त्यांचा भाव थोडा कमी होता.

प्रश्न

दादांचं म्हणणं स्पष्ट होतं. "सर, तीनशे वीसचे दोनशे नव्वद करू. माल उठला की गल्ला आपोआप वाढतो. दिवाळीत बघितलंय आम्ही."

यामागे घसरत्या विक्रीची काळजी होतीच, शिवाय बँकेचंही एक कारण होतं. लहान उद्योगांची खेळत्या भांडवलाची मर्यादा ठरवताना बँका बहुधा अंदाजित उलाढालीच्या २० टक्क्यांचा हिशेब धरतात. हंगामात शेंगदाणा एकदम भरून ठेवायचा तर मर्यादा वाढायला हवी, आणि ती वाढायला उलाढाल वाढायला हवी. त्यामुळे "भाव उतरवला तर उलाढाल वाढेल का" हा त्यांच्यासाठी पुस्तकी प्रश्न नव्हता.

याचं उत्तर मागणीच्या किंमत-लवचिकतेत असतं. भाव एक टक्का बदलला की विक्रीचं प्रमाण किती टक्के बदलतं, तो आकडा म्हणजे लवचिकता. भाव उतरला की विक्री वाढते, म्हणून आकडा उणे येतो. पुढे मी उणे चिन्ह सोडून लिहितो. आकडा एकापेक्षा जास्त असेल तर भाव उतरवल्यावर उलाढाल वाढते, एकापेक्षा कमी असेल तर घटते. टक्केवारी काढताना जुन्या आणि नव्या आकड्याची सरासरी पायाला धरायची, म्हणजे उतरताना आणि चढताना वेगवेगळी उत्तरं येत नाहीत. ही मध्यबिंदू पद्धत. ३२० वरून २९० म्हणजे ३० रुपयांचा फरक, सरासरी ३०५, म्हणून भावातली घट ९.८ टक्के. या लेखात हा ९.८ पुन्हा पुन्हा येईल.

बिलं साफ करणं

वहिनींच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून सव्वा वर्षाची आठवडावार विक्री निघाली. ती तशीच वापरता येत नव्हती.

पहिली अडचण भावाची. फळ्यावर ३२० लिहिलेलं असलं तरी पाच लिटरच्या डब्याला दादा जुन्या गिऱ्हाइकांना पन्नास-साठ रुपये सोडत. म्हणून भावाच्या रकान्यात फळ्यावरचा भाव न घेता आठवड्याची एकूण वसुली भागिले एकूण लिटर असा खरा भाव घेतला. दुसरी अडचण माल संपण्याची. एका आठवड्यात घाण्याची लाट तुटली आणि चार दिवस तेलच नव्हतं. त्या आठवड्याची विक्री कमी दिसते ती गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नाही. असे आठवडे गाळले, कारण माल नसताना झालेली विक्री ही मागणी नव्हे. तिसरी गोष्ट, हॉटेलवाल्या दोघांची घाऊक खरेदी वेगळी काढली. त्यांचा भाव बोलून ठरतो आणि त्यांची एकच खेप अख्ख्या आठवड्याचा आकडा फिरवते.

एक्सेलमध्ये झटपट लवचिकता काढायची तर एक सूत्र पुरतं. B रकान्यात खरा भाव आणि C मध्ये लिटर असतील तर:

```
=SLOPE(LN(C2:C61),LN(B2:B61))
```

उत्तर उणे चारच्या आसपास आलं. दादा खूश झाले. पण या साठ आठवड्यांत भाव मुळात दोनदाच हलला होता: एकदा ३०० वरून ३२० झाला होता आणि एकदा दिवाळीत दोन आठवडे २९० होता. सूत्र कितीही नेटकं असलं तरी त्याला मिळालेली माहिती या दोन घटनांइतकीच होती. म्हणून त्या घटनाच उघडून बघायचं ठरवलं.

त्यातली भाववाढ फार उपयोगाची निघाली नाही. ती शेंगदाणा महागल्यामुळे केली होती, आणि शेंगदाणा सगळ्यांनाच महागला होता. त्या महिन्यात आसपासच्या सगळ्या घाण्यांनी भाव चढवले. गिऱ्हाइकाला वळायला दुसरीकडे स्वस्त तेल नव्हतंच. सगळ्यांचा भाव एकदम चढतो तेव्हाची लवचिकता आणि आपण एकट्याने भाव उतरवतो तेव्हाची लवचिकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दिवाळीची सवलत उलगडून

दादांचा सगळा भरवसा दिवाळीवर होता. सवलतीच्या आधी आठवड्याला २६० लिटर जात होतं, सवलतीच्या दोन आठवड्यांत दर आठवड्याला ५२० लिटर गेलं. विक्री दुप्पट झाली होती. मध्यबिंदू पद्धतीने विक्रीतली वाढ ६६.७ टक्के, तिला ९.८ ने भागलं की लवचिकता ६.८ येते. खाद्यतेलासाठी हा आकडा विश्वास ठेवण्यासारखा नाही. भाव दहा टक्के उतरला म्हणून कोणाच्या घरची फोडणी दुप्पट होत नाही.

दिवाळीत चकल्या, शेव, करंज्या तळल्या जातात, तेव्हा तेल तसंही जास्त लागतं. किती जास्त, हे आदल्या वर्षीच्या दिवाळीत दिसतं, कारण त्या वर्षी सवलत नव्हती. तेव्हा विक्री २३० वरून ३७० वर गेली होती, म्हणजे १.६१ पट. यंदाच्या २६० ला तेच प्रमाण लावलं तर सवलत नसतानाही ४१८ लिटर गेलं असतं. सवलतीमुळे झालेली वाढ ४१८ वरून ५२० एवढीच, म्हणजे आठवड्याला १०२ लिटर. लवचिकता ६.८ वरून २.२ वर आली.

२.२ सुद्धा एकापेक्षा जास्तच आहे, आणि पुष्कळ जण हिशेब इथे थांबवतात. इथे वहिनींनी एक गोष्ट काढली. त्या बिलावर गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घालतात. दर तीन आठवड्यांनी दोन लिटर नेणारी एक शिक्षिका सवलतीत पाच लिटरचा डबा घेऊन गेली होती आणि मग जवळजवळ दोन महिने तिचं एकही बिल नव्हतं. शोधत गेलो तशी अशी नावं एकामागून एक सापडली. सवलतीच्या आठवड्यांत पाच लिटरच्या डब्यांचा वाटा एरवीपेक्षा कितीतरी जास्त होता.

म्हणून दिवाळीनंतरचे चार आठवडेही हिशेबात धरले. सवलत नसलेल्या वर्षी दिवाळीनंतर विक्री नेहमीच्या ९३.५ टक्क्यांवर आली होती. त्या हिशेबाने यंदा २४३ लिटर अपेक्षित होतं, प्रत्यक्षात गेलं २००. म्हणजे आठवड्याला ४३ आणि चार आठवड्यांत १७२ लिटर कमी. सवलतीच्या दोन आठवड्यांत जास्त गेलेलं तेल होतं २०४ लिटर. त्यातलं १७२ लिटर लोकांनी फक्त आधी नेऊन ठेवलं होतं. खरी नवी विक्री ३२ लिटरची. ती दोन आठवड्यांत वाटली तर विक्रीतली वाढ चार टक्क्यांच्या आतबाहेर आणि लवचिकता ०.४.

तेच आकडे रुपयांत मांडले तेव्हा दादा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. सहा आठवड्यांची प्रत्यक्ष उलाढाल ५,५७,६०० रुपये. सवलत दिलीच नसती तर अंदाजे ५,७८,५६०. दुकानात रांग लागली होती, घाणा दोन पाळ्या चालला होता, आणि उलाढाल सुमारे २१ हजारांनी कमीच झाली होती.

हे ०.४ सुद्धा मी अंतिम मानलं नाही. ते एकाच दिवाळीवर उभं आहे आणि दोन वर्षांच्या दिवाळ्या सारख्याच असतील असं त्यात गृहीत आहे. शिवाय दोन आठवड्यांच्या सवलतीची बातमी जेमतेम जुन्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचते. सुपरमार्केटकडे वळलेलं गिऱ्हाईक परत यायला भाव कायमचा उतरलेला दिसावा लागतो. म्हणजे कायमच्या भावकपातीची लवचिकता याहून जास्त असू शकते. दादांनी हाच मुद्दा धरला आणि तो बरोबर होता.

उलाढालीची रेषा आणि नफ्याची रेषा

पुढे जाण्याआधी मी दोघांना दुसरा कागद मांडायला लावला: एक लिटर जास्त विकलं तर खिशातून किती जातं?

एका लिटरला साधारण २.४ किलो दाणे लागतात. तेव्हाच्या ११० रुपयांच्या भावाने २६४ रुपये. त्यातून सुमारे १.४ किलो पेंड निघते. ती गुरांसाठी ३८ रुपये किलोने जाते, म्हणजे ५३ रुपये परत येतात. राहिले २११. वीज ६, बाटली-बूच-लेबल १३, वाहतूक ५, विक्रीवरचं कमिशन १०. एकूण २४५ रुपये. घाण्यावरच्या माणसाचा पगार यात धरला नाही, कारण तो महिन्याचा ठरलेला आहे. वीस लिटर जास्त निघालं म्हणून वाढत नाही. दुसरी पाळी लावावी लागली तर मात्र तोही धरावा लागेल.

म्हणजे ३२० ला विकलं तर लिटरमागे ७५ रुपये सुटतात आणि २९० ला विकलं तर ४५.

आता दोन रेषा आखता येतात. उलाढाल होती तेवढीच राहायला विक्री ३२० भागिले २९० पट, म्हणजे सुमारे १० टक्के वाढायला हवी. सुटणारे पैसे होते तेवढेच राहायला ती ७५ भागिले ४५ पट, म्हणजे ६७ टक्के वाढायला हवी. लवचिकतेच्या भाषेत उलाढालीची रेषा १ वर आहे आणि नफ्याची ५.१ वर.

भावात दहा टक्क्यांचीही घट नाही, पण लिटरमागे सुटणाऱ्या पैशात ती चाळीस टक्क्यांची घट आहे. ज्या धंद्यात कच्चा मालच किमतीचा मोठा भाग खातो, तिथे हे असंच असतं. ६७ टक्के वाढ म्हणजे आठवड्याला ४०० लिटर. बाकीची तेलं सांभाळून एका पाळीत दोन घाण्यांवर ३८० लिटरच्या वर निघत नाही. म्हणजे तिथे पोचायच्या आधीच दुसरी पाळी आणि तिचा पगार आला असता.

समोरचे पर्याय

दादांना दोन्ही दुकानांत लगेच २९० करायचे होते. वहिनींना काहीच बदलायचं नव्हतं. तिसरा पर्याय फक्त पाच लिटरच्या डब्यावर सूट देण्याचा होता. तो मी लवकर बाजूला ठेवायला सांगितला, कारण डबा नेणारं गिऱ्हाईक आधीच आपलं असतं. सूट नेमकी त्यालाच मिळाली असती. चौथा पर्याय वसाहतीतल्या दुकानात आठ आठवडे २९० लावून बघायचं आणि घाण्यावर ३२० च ठेवायचं.

नफ्याची रेषा ५.१ वर आहे हे कळल्यावर चाचणी तरी कशाला, असं वहिनींनी विचारलं. प्रश्न रास्त होता. दादांचं उत्तर असं होतं, की बँकेची मर्यादा वाढली तर हंगामात दाणा स्वस्तात भरता येईल आणि खर्च २४५ वरून खाली येईल. त्यासाठी आधी उलाढाल वाढते का ते बघू. यात तथ्य होतं, म्हणून चाचणी ठरली.

चाचणी

काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा घेतला. दिवाळीनंतरची मंदी तोवर ओसरलेली असते आणि मेमधल्या लोणच्यांची खरेदी सुरू व्हायची असते. होळी आणि पाडवा मध्ये येतातच. आपल्याकडे वर्षात सणाशिवायचे सलग आठ आठवडे फारसे सापडत नाहीत. म्हणून तर दुसरं दुकान तुलनेला लागतं. पाडव्याच्या पुऱ्या दोन्हीकडे तळल्या जातात. आदल्या वर्षभरात वसाहतीची विक्री घाण्यावरच्या विक्रीच्या साधारण ०.६ पट राहिली होती आणि फारशी हलली नव्हती, म्हणजे तुलना करण्यात अर्थ होता.

वसाहतीतली आठ आठवड्यांची विक्री लिटरमध्ये अशी झाली: १२८, १२१, ९९, ९२, ९७, १०२, १०४, १०१. आधी सरासरी ९० होती.

पहिल्या दोन आठवड्यांनी दादांना पुन्हा दिवाळी दिसली. चौथ्या आठवड्याला ९२ आल्यावर ते नाराज झाले. दोन्ही वेळा घरातल्या साठ्याचा परिणाम होता: भाव उतरल्याबरोबर लोकांनी भरून घेतलं आणि मग थांबले. म्हणून निर्णयासाठी शेवटचे चार आठवडे घ्यायचे हे आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं. त्यांची सरासरी १०१. घाण्यावरच्या दुकानात त्याच काळात विक्री १५० वरून १४७ झाली, म्हणजे दोन टक्के घट. तीच घट वसाहतीला लावली तर तिथे भाव न उतरवता ८८ लिटर गेलं असतं. ८८ वरून १०१ म्हणजे १३.८ टक्के वाढ, लवचिकता १.४. उलाढालीची रेषा ओलांडली होती.

मी इथे दोन दिवस मागून घेतले, कारण घाण्यावरचे ते तीन लिटर मला खटकत होते. बाजार मंदावला म्हणून विक्री घटली, की तिथली गिऱ्हाइकं सात किलोमीटर जाऊन तीस रुपये वाचवू लागली? वहिनींनी मोबाइल नंबर जुळवले. वसाहतीत खरेदी करणाऱ्यांत घाण्यावरची जुनी गिऱ्हाइकं निघाली, बहुतेक त्याच बाजूला नोकरीला जाणारी. त्यांची खरेदी आठवड्याला साधारण तीन लिटर होती.

म्हणजे बाजार मंदावला नव्हता. तुलनेच्या दुकानाचं पाणी चाचणीच्या दुकानात झिरपलं होतं. हिशेब दुरुस्त केला: भाव न उतरवता वसाहतीत ९० लिटर गेलं असतं, आणि तिथल्या १०१ मधले ३ आपल्याच दुसऱ्या दुकानातले, म्हणून खरे ९८. वाढ ८.५ टक्के, लवचिकता ०.८७. उलाढालीची रेषा आता वर राहिली.

दोन्ही दुकानांची बेरीज केली की सूत्राशिवायही हेच दिसतं. आधी २४० लिटर गुणिले ३२०, म्हणजे ७६,८०० रुपये. चाचणीत १४७ गुणिले ३२० आणि १०१ गुणिले २९०, मिळून ७६,३३०. आठवड्याला ४७० रुपये कमी.

१.४ की ०.८७, हे तीन लिटरवर फिरलं. मग ०.८७ वर तरी किती भरवसा ठेवायचा? वसाहतीतली विक्री कुठलंही कारण नसताना आठवड्यागणिक सहा-सात लिटर वरखाली होते. तेवढ्या चढउतारात चार आठवड्यांच्या सरासरीतून निघालेल्या आठ लिटरच्या वाढीला दोन्ही बाजूंनी सात-आठ लिटरची सूट द्यावीच लागते. म्हणजे खरी लवचिकता शून्याच्या थोडी वर असू शकते किंवा दीडच्या थोडी पुढे. एवढ्या आकड्यांवरून उलाढाल वाढते की घटते हे ठामपणे सांगता येत नाही, आणि मी तसं सांगितलंही नाही.

पण लवचिकता पाचच्या जवळपास नाही, हे ठामपणे सांगता येत होतं. सगळ्यात अनुकूल टोक धरलं तरी नफ्याची रेषा फार लांब होती.

निर्णय

०.८७ धरून दोन्ही दुकानांत भाव उतरवला असता तर विक्री २४० वरून साधारण २६१ लिटरवर गेली असती. सुटणारे पैसे आठवड्याला १८,००० वरून ११,७४५ वर आले असते. वर्षाचा हिशेब सव्वातीन लाखांचा तोटा. अनुकूल टोकाला उलाढाल सहा टक्क्यांच्या आसपास वाढली असती. तेवढ्याने बँकेची मर्यादा जेवढी वाढली असती, तिच्यातून दाणा स्वस्तात भरून हा खड्डा बुजत नव्हता. दादांनी तो हिशेब स्वतः करून बघितला आणि भाव न उतरवण्याचं ठरवलं.

याच आकड्यांतून एक उलटा प्रश्नही निघतो. २४५ खर्च आणि ३२० भाव असताना लवचिकता चारपेक्षा बरीच कमी असेल, तर गणित भाव थोडा वाढवायला सांगतं. मी ते त्यांच्यासमोर ठेवलं, पण आग्रह धरला नाही. आम्ही मोजली होती ती भाव उतरवल्यावरची वागणूक, तीही दोन महिन्यांची. भाव चढवल्यावर जुनं गिऱ्हाईक शेजारच्या सुपरमार्केटची पहिली बाटली उचलतं आणि मग परत येतंच असं नाही. अशी घसरण काही महिन्यांनी दिसते, आठ आठवड्यांत दिसत नाही.

त्याऐवजी वहिनींनी अर्ध्या लिटरची बाटली १६५ रुपयांना आणायचं सुचवलं. चाचणीत आलेल्या नव्या गिऱ्हाइकांपैकी बरीच जणं पहिल्या वेळी "लहान बाटली आहे का" असं विचारत होती. रिफाइंड तेल वापरणाऱ्या घरात पहिल्यांदा घाण्याचं तेल घेताना एकदम ३२० रुपये काढणं जड जातं. लिटरमागे भाव त्यांना अडवत नव्हता. एका वेळची रक्कम अडवत होती.

काय झालं

एप्रिलच्या अखेरीस वसाहतीत भाव पुन्हा ३२० झाला. पहिले दोन आठवडे विक्री ८५ लिटरपर्यंत उतरली, मग ९१ वर आली. चार-पाच गिऱ्हाइकांनी तोंडावर नापसंती सांगितली. घाण्यावरचे तीन लिटर परत आले. अर्ध्या लिटरच्या बाटल्या आठवड्याला वीसेक जाऊ लागल्या आणि तीन महिन्यांनी वसाहतीची एकूण विक्री ९५ लिटरवर स्थिरावली. ही वाढ बाटलीमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. त्याच काळात वसाहतीत दोन नव्या इमारती राहत्या झाल्या.

चाचणीचा स्वतःचा खर्च आठ आठवड्यांत सुमारे १७,८०० रुपये आला, म्हणजे ३२० ला विकून जे सुटलं असतं त्यातून जे प्रत्यक्ष सुटलं ते वजा करून. त्या वर्षीच्या दिवाळीत सवलत दिली नाही, फक्त आगाऊ नोंदणी घेतली. दोन आठवडे आठवड्याला ३९२ लिटर गेलं आणि नंतरचे चार आठवडे २२६. आदल्या वर्षीपेक्षा रांग लहान होती, दुसरी पाळी लागली नाही. बँकेकडे ते उलाढाल वाढवून न जाता हंगामापुरत्या वाढीव मर्यादेचा अर्ज घेऊन गेले आणि ती त्यांना अंशतः मिळाली.

वेगळं काय करता आलं असतं

खर्चाचा कागद सगळ्यात आधी मांडायला हवा होता. ६७ टक्क्यांचा आकडा काढायला अर्धा तास लागला. बिलं साफ करायला तीन आठवडे. तो आकडा आधी समोर असता तर चाचणी कदाचित २९० ऐवजी ३०५ वर झाली असती, जिथे लिटरमागे ६० रुपये सुटतात आणि नफ्याला फक्त २५ टक्के वाढ लागते.

चाचणी एकाच बाजूने झाली. आठ आठवड्यांनी अदलाबदल करून घाण्यावर २९० आणि वसाहतीत ३२० लावला असता, तर फरक भावाचा की जागेचा हे जास्त खात्रीने कळलं असतं. तसं केलं नाही, कारण घाण्यावरच्या जुन्या गिऱ्हाइकांसमोर भाव वरखाली करायला दादा तयार नव्हते, आणि ती त्यांची पारख मला मोडाविशी वाटली नाही.

बिलांपैकी जवळजवळ एक तृतीयांशांवर मोबाइल नंबर नव्हता. झिरपलेले तीन लिटर खरे तर चार किंवा पाचही असू शकतील. वहिनींनी त्यानंतर नंबर नसेल तर निदान "जुने" किंवा "नवे" एवढी खूण बिलावर करायला सुरुवात केली. पुढच्या वेळी भावाचा प्रश्न आला की हा रकाना भरलेला असेल.